चौदा संतांच्या गावाबाहेर

13 ऑक्टोबर, दुपारचे 4. बावीस तास आधी

1806 साली याच तारखेला, दुपार कलल्यावर, नेपोलियन येनात आला होता. गावात सकाळपासूनच फ्रेंच सैनिक शिरले होते, घरांची दारं फुटत होती आणि झाले नदीच्या पश्चिमेला उभी असलेली लँडग्राफेनबर्ग ही टेकडी प्रशियाच्या फौजेने न लढताच सोडून दिली होती. माथ्यावर पोहोचलेल्या बादशहाला समोरच्या पठारावर शत्रूच्या छावणीतल्या शेकोट्या दिसल्या. प्रशियाची सगळी मुख्य फौज इथेच आहे अशी त्याची समजूत झाली. ती चुकीची होती. मुख्य फौज उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, औअरश्टेटच्या दिशेने निघून गेली होती.

पटकथेच्या पहिल्या पानावर एवढं होतं. संकलक ते पान हातात धरून मुलीच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलाशी बसला होता. वय एकाहत्तर, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये स्टीनबेकच्या टेबलावर सोळा एमएमची फिल्म कापायला शिकला, त्यानंतर चाळीसेक वर्षं माहितीपटच कापले. मुलगी येनाच्या विद्यापीठात संशोधन करते म्हणून तो इथे तीन महिन्यांसाठी आला आणि तिच्या ओळखीच्या एका मराठी मुलीने येनाच्या लढाईवर केलेल्या माहितीपटाच्या कामात अडकला. ती दिग्दर्शिका त्याला काका म्हणत असे.

फिल्म बावन्न मिनिटांची झाली होती. वाहिनीकडून आदल्या दिवशी निरोप आला: जागा त्रेचाळीस मिनिटांचीच आहे, परवा दुपारी दोनपर्यंत नवी प्रत हवी. नऊ मिनिटं कमी करायची होती.

"काका, प्रत्येक सीनमधून थोडं थोडं काढू या का? दहा-पंधरा सेकंद?" तिने विचारलं.

"तसं केलंस तर सगळेच सीन लंगडे होतील," तो म्हणाला. "आणि शॉटला हात आत्ता लावायचाच नाही. आधी कागद कमी करायचा. मला पटकथा छापून दे, एका बाजूला चित्र, एका बाजूला निवेदन. कात्री आहे ना घरात?"

रात्रीचे 9. सतरा तास आधी

त्या रात्री टेकडीवर तोफा चढवण्याचं काम चाललं होतं. चढ अरुंद आणि खडकाळ. एका घळीत पुढच्या तोफेचा आस दोन्ही बाजूंच्या खडकांत अडकला आणि मागची सगळी रांग ठप्प झाली. सेनापती सावारीने आठवणींत लिहिलंय की नेपोलियन स्वतः कंदील घेऊन तिथे उभा राहिला आणि खडक फोडणाऱ्यांना उजेड दाखवत राहिला. सकाळपर्यंत मार्शल लानची फौज, शाही गार्ड आणि तोफा असे वीस-पंचवीस हजार लोक त्या माथ्यावर दाटीने उभे होते.

हा सीन कापायचा नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पण संकलकाने त्यातलं निवेदन वाचायला घेतलं. उजव्या हातात स्टॉपवॉच, ओठ हलताहेत, आवाज नाही असं तो करत नसे. तो मोठ्याने वाचायचा, निवेदक ज्या गतीने वाचेल त्या गतीने, म्हणजे मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द. डोळ्यांनी वाचलेली ओळ नेहमी प्रत्यक्षापेक्षा लहान वाटते आणि मग रेकॉर्डिंगच्या दिवशी फजिती होते, हे त्याने पूर्वीच भोगलेलं.

"'काळ्याकुट्ट, गोठवणाऱ्या त्या रात्री, जिद्दीने पेटलेला बादशहा...'" तो थांबला. "अगं, चित्रात रात्र आहे. कंदील आहे. मग काळीकुट्ट कशाला सांगायची?"

असल्या जागा त्याने पेन्सिलने खोडल्या. पडद्यावर जे दिसतं ते निवेदनात पुन्हा बोलायचं नाही, ही पहिली चाळण. बावन्न मिनिटांतून त्या चाळणीने फक्त चाळीस सेकंद गळले. दिग्दर्शिकेचा चेहरा उतरला. त्याला मात्र बरं वाटलं, कारण विशेषणं गेली की खाली काय आहे ते दिसायला लागतं.

मग त्याने कात्री घेतली आणि पटकथेचे सीनप्रमाणे तुकडे कापून टेबलावर ओळीने मांडले. फिल्मच्या काळात हे काम पत्र्याच्या डब्यात असायचं: डब्याच्या कडेला खिळे, खिळ्यांना लोंबणाऱ्या फिल्मच्या पट्ट्या, प्रत्येकीवर पांढऱ्या पेन्सिलने लिहिलेला आकडा. हाताने एक पट्टी उचलली की ती किती लांब आहे ते खांद्यापासून बोटांपर्यंत कळायचं. आता पडद्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात, रंगीत चौकोन. कागद हातात असला की निदान लांबी पुन्हा हाताला लागते.

मध्यरात्र. चौदा तास आधी

या वेळी येनात आग लागली होती. गावातली घरं जळत होती, लूट चालू होती, आणि याच गावातला एक गरीब प्राध्यापक आपलं पुस्तक संपवत होता. गेऑर्ग विल्हेल्म फ्रीडरिश हेगेल. लढाईच्या आदल्या मध्यरात्री आपण ते पुरं केलं असं त्याने पुढे शेलिंगला पत्रात लिहिलं. बांबेर्गच्या प्रकाशकाला शेवटची पानं 18 ऑक्टोबरपर्यंत मिळाली नाहीत, तर जामीन राहिलेल्या मित्राला, नीटहामरला, भुर्दंड पडणार होता. पानं पाठवायला रस्ता उरला नव्हता. घर सोडताना ती हेगेलच्या सोबत होती. त्या दिवशीच्या पत्रात त्याने बादशहाला घोड्यावरून गावाबाहेर पडताना पाहिल्याचंही लिहिलंय.

सीन एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता आणि फिल्ममधला सर्वांत देखणा होता. जुना कागद, शाई, खिडकीवर आगीचा लालसर उजेड. संकलकाला तो फार जवळचा वाटे. दुसऱ्या दिवसाची मुदत डोक्यावर, बाहेर सगळं मोडतंय आणि माणूस ओळी खोडत बसलाय, हे त्याला आत्ता या टेबलावर घडत असल्यासारखं वाटत होतं.

त्याने तुकडा उचलला, मागचा आणि पुढचा सीन एकमेकांना चिकटवून पाहिला. टेकडीवरच्या कंदिलानंतर थेट पहाटेचं धुकं. काहीच तुटलं नाही. उलट कंदील विझतो आणि धुकं येतं, असं ते एका श्वासात वाचता आलं.

"हेगेल जातोय," तो म्हणाला.

"काका! लोक येना म्हटलं की हेगेलच म्हणतात."

"म्हणूनच म्हणतो. त्यांना तो माहीत आहे. आपली फिल्म त्याच्याकडून काही घेते का? तो गेल्यावर पुढच्या कुठल्या सीनला काही कमी पडतंय का, मला दाखव. दाखवलंस तर ठेवतो."

तिने बराच वेळ शोधलं. सापडलं नाही.

ग्यॉथेचाही तोच निकाल लागला. लढाईच्या रात्री वायमारमध्ये त्याच्या घरात सैनिक घुसले आणि पाच दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, त्याने वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या क्रिस्टियानेशी लग्न केलं. दोन मिनिटं पन्नास सेकंद. गोष्ट खरी आणि गोड, पण ती दुसऱ्या फिल्मची. मग मार्शल बेर्नादोत: दोन्ही रणांगणांच्या मधे असूनही एकाही लढाईत न उतरलेला. पन्नास सेकंद. त्याच्यावर भांडायला इतिहासकारांना शंभर पानं पुरत नाहीत, पन्नास सेकंदांत नुसता गोंधळ उडतो.

पहाटे दोनला हिशेब असा झाला: चाळीस सेकंद विशेषणांचे, एक-चाळीस हेगेलचे, दोन-पन्नास ग्यॉथेचे, पन्नास बेर्नादोतचे. सहा मिनिटं. अजून तीन हवी होती. मुलीने खोलीतून हाक मारली, "बाबा, थोडं झोपा आता," आणि तो तसाच सोफ्यावर आडवा झाला.

पहाटेचे 6. आठ तास आधी

धुकं. हे त्याला खिडकीतूनही दिसलं. झालेच्या खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये सकाळी ते असतंच. 1806 च्या त्या सकाळी ते इतकं दाट होतं की समोरासमोरच्या रांगा एकमेकींच्या गोळीबाराच्या उजेडावर नेम धरत होत्या. सहाच्या सुमारास लानच्या तुकड्या टेकडीवरून उतरून क्लोजविट्झ आणि ल्युत्सेरोडा या खेड्यांवर चालून गेल्या. समोर प्रशियाच्या टाउएनत्सीनची थोडीशी फौज होती. तिने तीनेक तास झुंज दिली आणि मागे सरकली.

त्याच वेळी प्रशियाच्या या बाजूचा सेनापती, प्रिन्स होहेनलोहे, पश्चिमेला कापेलेनडॉर्फच्या खंदकाच्या गढीत मुक्कामाला होता. त्याला आदल्या दिवशी वरून हुकूम आला होता: मोठी लढाई अंगावर घ्यायची नाही. मुख्य फौज उत्तरेकडे सरकतेय, तिची बाजू राखायची, एवढंच काम. त्यामुळे समोर किरकोळ फ्रेंच तुकड्या आहेत या समजुतीवरच तो पहाटेपर्यंत होता.

या हुकुमाबद्दल फिल्ममध्ये एका इतिहासकाराची मुलाखत होती. तीन मिनिटं शोधताना दिग्दर्शिकेने इथे एक वाट काढली. इतिहासकार म्हणाले होते, 'त्याने हल्ला करायला हवा होता, असं आज म्हणणं सोपं आहे. त्याच्या हातात कोणता हुकूम होता ते पाहा.' तिने स्वल्पविरामावर कात्री धरली. 'त्याने हल्ला करायला हवा होता.' पूर्णविराम. नऊ सेकंद वाचले आणि वाक्य किती ठसठशीत झालं.

संकलकाने ते ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि परत जोडलं.

"हे ऐकताना काय कळतं सांगू? 'होता'वर त्यांचा सूर वर गेलाय. वाक्य संपलं की आवाज खाली येतो. इथे आला नाही. ज्याला कान आहे त्याला कळेल की तोंड मधेच बंद केलंय. आणि ज्याला कळणार नाही त्याला आपण खोटं सांगितलं. सबंध काढायचं तर काढ. अर्धं नाही."

तिने सबंध ठेवलं. नऊ सेकंद परत गेले.

सकाळचे 10. चार तास आधी

धुकं विरळ झालं तेव्हा मार्शल ने याला धीर निघाला नाही. हुकुमाची वाट न बघता चार हजारांच्या आसपास माणसं घेऊन तो लान आणि मार्शल ओझरो यांच्या मधल्या फटीतून पुढे घुसला, फिअरत्सेनहायलिगेन म्हणजे चौदा संत या नावाच्या खेड्यापर्यंत गेला आणि एकटा पडला. प्रशियाचे घोडेस्वार त्याच्यावर येऊन आदळत होते. पूर्ण दिवसात फ्रेंच सर्वांत कच्चे असतील तर ते या तासाभरात होते.

आणि त्याच घटकेला औअरश्टेटजवळ दुसरी लढाई पेटलेली. तिथे मार्शल दावूचे सत्तावीस हजार प्रशियाच्या जवळपास दुपटीच्या फौजेला अडवून धरत होते. सरसेनापती, ब्रन्सविकचा ड्यूक, डोळ्यांजवळ गोळी लागून घोड्यावरून पडला. तो 10 नोव्हेंबरला मेला. औअरश्टेटचा हा भाग चार मिनिटांचा होता आणि तो काढता येत नव्हता, कारण नेपोलियनची चुकीची समजूत तिथेच उघडी पडते.

राहिला शेवट. एक वाजल्यानंतरचं सगळं: नेपोलियनचा सरसकट हल्ला, प्रशियाच्या रांगा फुटणं, वायमारकडून येणाऱ्या सेनापती र्युखेलचं उशिरा पोहोचणं आणि जखमी होणं, 27 ऑक्टोबरला बादशहाचा बर्लिनप्रवेश, 28 ला प्रेंझलाउला होहेनलोहेची शरणागती. पाच मिनिटं वीस सेकंद. दिग्दर्शिकेने याला हात लावू नका असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. "अनर्थच दाखवला नाही तर अनर्थाची फिल्म कशी होईल, काका?"

त्याला ते पटत होतं. म्हणून त्याने तो भाग फक्त आटवायला घेतला. पाच-वीसचे दोन-वीस केले की काम झालं. एकेक वाक्य घ्यायचं, त्याचं ओझं पाहायचं.

'त्यामुळे उजवी बाजू उघडी पडली.' 'त्यामुळे घोडदळाला वाट मिळाली.' 'त्यामुळे र्युखेल आला तेव्हा वाचवायला फौजच उरली नव्हती.' 'परिणामी बर्लिनचा रस्ता मोकळा झाला.'

पेन्सिल थांबली. त्याने पानं मागे उलटली आणि आधीच्या भागातली वाक्यं वाचली. तिथे प्रत्येक दोन-तीन वाक्यांनंतर एक 'पण' होता. टेकडी सोडली, पण. हुकूम होता, पण. धुकं उठलं, पण. तिथे काहीही होऊ शकत होतं. एका विशिष्ट ओळीनंतर 'पण' संपत होते आणि निवेदन 'त्यामुळे' म्हणत घरंगळायला लागत होतं. शेवटचा 'पण' कुठे आहे ते त्याने बोटाने शोधलं. कागदाच्या तुकड्याच्या अगदी तळाशी, घाईत लिहिल्यासारखं एकच वाक्य होतं:

'होहेनलोहेची फौज गावाच्या तोंडाशी पोहोचली, पण र्युखेल येईपर्यंत थांबून राहिली.'

सात सेकंद.

सकाळचे 11.30. अडीच तास आधी

नेच्या तुकडीला मागे रेटत प्रशियाचं पायदळ फिअरत्सेनहायलिगेनसमोर आलं. वीसेक हजार माणसं, कवायतीच्या सरळ रांगांत. गावात फ्रेंच होते, पण अजून थोडेच. आणि तिथे होहेनलोहेने फौज थांबवली. र्युखेलचे पंधरा हजार वायमारकडून निघालेत, ते येऊ देत, मग एकत्र जाऊ, असा विचार.

थांबली म्हणजे नेमकं काय झालं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ती फौज उघड्या शेतात उभी होती, आडोसा काहीही नाही. समोर दगडी कुंपणं, घरांच्या खिडक्या, बटाट्याचे वाफे, बागांच्या भिंती, आणि त्यांच्यामागे एकेकटे पसरलेले फ्रेंच बंदूकधारी. रांगेतल्या सैनिकाला एकट्याने नेम धरायला शिकवलेलंच नव्हतं. त्याला हुकूम आला की रांगेसोबत बार काढायचा, बंदूक भरायची, पुन्हा हुकूम. हे बार भिंतींवर आदळत होते. पलीकडून येणारी गोळी मात्र शंभर पावलांवरच्या माणसांच्या भिंतीत शिरायची, तिला चुकायला जागाच नव्हती. शेजारचा पडला की रांग मध्याकडे सरकून भोक बुजवायची. पुन्हा उभं राहायचं. असं जवळजवळ दोन तास. कुणी पळालं नाही. मागे फिरा म्हणून कुणी सांगितलं नाही, पुढे चला असंही नाही. आणि त्या दोन तासांत लँडग्राफेनबर्गच्या मागच्या रस्त्यांनी फ्रेंच तुकड्यांमागून तुकड्या पठारावर येत राहिल्या.

दोन वाजता जी फौज पळाली, ती त्याआधी या शेतात संपलेली होती. निवेदनाने त्याला सात सेकंद दिले होते आणि त्यानंतरच्या पळापळीला पाच मिनिटं.

दिग्दर्शिका ब्रेड भाजत होती. त्याने तिला हाक मारली नाही. आधी त्याने फिल्मचं पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. 'त्या दिवशी दुपारी चारपर्यंत प्रशियाची फौज फौज राहिली नव्हती.' तिनेच लिहिलेलं, पहिल्या आठवड्यात, आणि चांगलं लिहिलेलं. प्रेक्षकाला शेवट पहिल्या मिनिटालाच कळलेला होता. शेवटची पाच मिनिटं तेच पुन्हा सांगत होती, तोफांच्या आवाजासकट.

मग त्याने शेवटचा तुकडा उलटा करून टेबलावर ठेवला आणि बेरीज केली. आधीची सहा मिनिटं आणि ही पाच-वीस, एकूण अकरा-वीस कमी. फिल्म चाळीस मिनिटं चाळीस सेकंदांची उरली. त्रेचाळीसला दोन मिनिटं वीस सेकंद कमी पडत होती. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याकडे वेळ शिल्लक होता.

"अगं, इकडे ये. फिअरत्सेनहायलिगेनचं सगळं रॉ फुटेज उघड. वापरलेलं नको, टाकलेलं दाखव."

पानिपतावर पूर्वी एकदा कापलेली फिल्म त्याला आठवली. तीही चौदा तारीख, 14 जानेवारी 1761, तिथेही दुपारी सगळं कोसळलं. फिल्ममध्ये विश्वासराव पडले, भाऊसाहेब दिसेनासे झाले, लष्कर फुटलं, सगळं ठसठशीत कापलं होतं. छावणीत कोंडून राहिलेल्या दोन-अडीच महिन्यांच्या उपासमारीला मात्र त्याने स्वतः चाळीस सेकंद दिले होते, कारण दाखवायला काही घडत नव्हतं. ही गोष्ट त्याने आजवर कुणाला बोलून दाखवली नव्हती. आज त्याने ती तिला सांगितली, तिच्या हातातला ब्रेड गार होईपर्यंत.

टाकलेल्या फुटेजमध्ये बावीस शॉट होते. एकोणिसावा तीन मिनिटं पन्नास सेकंदांचा. गावाबाहेरच्या शेतातून, जिथे ती रांग उभी असेल तिथून घेतलेला. समोर चर्च आणि घरांची कौलं, मधे एक बुटकी दगडी भिंत, अलीकडे नुसती नांगरलेली जमीन. कॅमेरा तिकाटण्यावर, हलत नाही. काही घडत नाही.

"हा कचरा आहे, काका. ट्रॅक्टर थांबायची वाट बघत होतो. आवाज नको होता म्हणून. कॅमेरा बंद करायचा राहून गेला."

"म्हणजे तुम्ही सगळे तिथे उभे होतात. वाट बघत."

ती काही बोलली नाही.

दुपारचा 1. एक तास आधी

एकच्या सुमारास नेपोलियनने सगळ्या आघाडीवर हल्ल्याचा हुकूम दिला. तो फिल्ममध्ये आता नव्हता.

काम उरलं होतं ते आवाजाचं. शॉटमध्ये पहिली पन्नास सेकंदं ट्रॅक्टर होता, तो भाग सोडून दिला. मग बंद पडलेल्या इंजिनानंतरची शांतता, लांबवर कावळे, कोरड्या मक्याच्या पानांतून वारा. एक मिनिट दहा सेकंदांवर कॅमेऱ्यामागून दिग्दर्शिकेचा दबलेला आवाज होता, मराठीत: "अजून थोडं थांबू या." तिने ते काढायला सांगितलं. त्याचा हात क्षणभर अडखळला, कारण वाक्य नेमकं बसत होतं. पण ते बोलणारी आजची मुलगी होती, ट्रॅक्टरसाठी थांबलेली. त्या शेतातल्या लोकांच्या तोंडी ते घालायचा हक्क कुणाला नव्हता. त्याने तेवढा तुकडा उडवला आणि त्याच जागी आधी रेकॉर्ड करून ठेवलेला नुसत्या वाऱ्याचा आवाज बसवला. जोडाच्या दोन्ही कडांना थोडी थोडी सरमिसळ, म्हणजे कान अडखळत नाही. तीनदा डोळे मिटून ऐकलं. जोड सापडला नाही.

निवेदनाची शेवटची ओळ त्याने शॉटच्या आधी संपवली. आणि तीही कमी केली. 'र्युखेल येईपर्यंत' हे राहू दिलं. 'थांबून राहिली' याऐवजी तिने 'थांबली' लिहिलं; संकलकाने मान हलवली. 'होहेनलोहेची फौज गावाच्या तोंडाशी पोहोचली, पण र्युखेल येईपर्यंत थांबली.' एवढं बोलून निवेदक गप्प. त्यानंतर दोन मिनिटं वीस सेकंद शेत, भिंत, कौलं. संगीत नाही.

"लोक चॅनल बदलतील," ती म्हणाली.

"तिसाव्या सेकंदाला चुळबुळतील. पंचेचाळीसला भिंतीमागे बघायला लागतील. आपण पाहू."

त्यांनी संगणकावरच पूर्ण पडद्यावर लावलं. मुलगीही येऊन मागे उभी राहिली. तिने फिल्म आधी पाहिलेली नव्हती. निवेदन संपलं. वारा सुरू झाला. ती खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत होती, ती थांबली. मिनिटभराने तिने हळूच विचारलं, "बाबा, आता काय होणार आहे?" आणि लगेच, स्वतःशीच, "हो, ते माहितीच आहे."

तो पडद्याकडे बघत राहिला. भिंतीच्या डाव्या टोकाला एक फाटक होतं, हे त्याने सकाळपासून पाहिलंच नव्हतं. ते अर्धवट उघडं होतं आणि वाऱ्याने किंचित हलत होतं. दिग्दर्शिकेचं लक्ष घड्याळाकडे गेलं तेव्हा दोनला दहा मिनिटं होती. तिने फाइल पाठवायला लावली. शॉट अजून चालू होता.